व्हिडिओ पुसला, ओळखपत्र राहिलं

मावशीचं खातं एका रात्रीत बंद पडलं. सहा वर्षं ती तिथे तिच्या भरतकामाचे फोटो टाकत होती. सकाळी उघडायला गेली तर पडद्यावर एवढंच: खातं तुमचंच आहे याची खात्री पटवण्यासाठी चेहऱ्याचा व्हिडिओ द्या. तिने मला बोलावून घेतलं. मी सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करते आणि त्यातली काही वर्षं अशाच ओळख तपासणाऱ्या यंत्रणांवर गेली आहेत, म्हणून घरातल्या अशा अडचणी माझ्याकडेच येतात.

फोनवर एक लंबगोल चौकट आली. चेहरा आत धरा, हळूहळू डावीकडे बघा, उजवीकडे बघा, वर बघा. मावशी खिडकीकडे पाठ करून बसली होती, त्यामुळे मागून उजेड आणि चेहरा काळा. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्यांदा फोन हातात हलला. मग मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला. व्हिडिओ नीट गेला. तासाभराने उत्तर आलं, ‘तपासणी पूर्ण होऊ शकली नाही.’ खाली ईमेलचा पत्ता आणि सूचना: शासकीय ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो या मेलला उत्तर म्हणून पाठवा. तिने पाठवले. चार दिवसांनी खातं परत मिळालं. तिला आनंद झाला, मलाही झाला.

आठ महिन्यांनी मी तिच्याकडून त्या कंपनीला एक पत्र लिहवून घेतलं: माझ्या त्या व्हिडिओचं आणि ओळखपत्राचं काय झालं? उत्तर सभ्य होतं. चेहऱ्याचा व्हिडिओ तीस दिवसांत काढून टाकला आहे. ओळखपत्राचे फोटो मात्र ‘ग्राहकसेवेच्या पत्रव्यवहाराचा भाग’ असल्याने त्या विभागाच्या नियमाप्रमाणे जपून ठेवले आहेत. किती दिवस, ते लिहिलं नव्हतं.

मला जे म्हणायचं आहे ते सगळं या उत्तरात आहे. ओळख तपासण्याला माझा विरोध नाही. चोरलेली खाती परत मिळवून द्यायची तर माणूस खरा आहे का, हे कुठेतरी बघावंच लागतं. पण ‘आम्ही तुमचा व्हिडिओ पुसतो’ हे वचन फक्त राजमार्गाला लागू असतं. तपासणी यंत्राकडून माणसाकडे गेली, म्हणजे अपील झालं, तक्रार झाली, मेल गेला, की चित्रं दुसऱ्याच कप्प्यात जाऊन पडतात, आणि त्या कप्प्याला ते वचन लागू नसतं. ओळखपत्रं आणि चेहरे फुटण्याचे अलीकडचे काही मोठे प्रकार अशा आडवाटांवरच झाले. म्हणून पुसण्याचा नियम तपासणीच्या प्रत्येक वाटेला एकाच घड्याळाने बांधला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी राजमार्गावर काय होतं ते नीट पाहू, कारण ‘व्हिडिओ’ या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू तयार होतात.

चार-पाच सेकंदांचा व्हिडिओ सर्व्हरवर पोचला की त्यातल्या काही फ्रेम निवडल्या जातात. ज्या फ्रेममध्ये चेहरा समोर आहे, डोळे उघडे आहेत, धूसरपणा नाही, त्या. मग दोन निराळे प्रश्न विचारले जातात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला प्रश्न: समोर आत्ता जिवंत माणूस आहे का? याला या धंद्यात लाइव्हनेस म्हणतात. छापलेला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, दुसऱ्या फोनवर व्हिडिओ चालवून दाखवला, मुखवटा लावला, तर ते पकडायचं. मान वळवायला सांगतात ती यासाठी; काही ठिकाणी पडद्यावर रंगीत उजेड चमकवतात आणि तो त्वचेवरून कसा परततो ते बघतात. कॅमेऱ्यासमोर वस्तू धरून फसवण्याचे हे प्रकार पकडण्याची चाचणी कशी घ्यावी, याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ ३०१०७. जास्त अवघड फसवणूक निराळीच असते. तिच्यात कॅमेऱ्यासमोर काहीच धरत नाहीत, फोनच्या सॉफ्टवेअरला खोटा कॅमेरा जोडून तयार व्हिडिओ थेट आत सोडतात. बनावट चेहऱ्यांचे व्हिडिओ सोपे झाले तशी ही वाट वाढली. म्हणूनच कंपन्या व्हिडिओबरोबर फोनचं मॉडेल, कॅमेऱ्याचं नाव, नेटवर्कचा पत्ता हेही गोळा करतात. ही माहिती चित्रात दिसत नाही, पण चित्रासोबत जाते.

दुसरा प्रश्न: हा जिवंत माणूस तोच आहे का? यासाठी निवडलेल्या फ्रेममधला चेहरा कापून, डोळे एका ओळीत येतील असा सरळ करून एका न्यूरल नेटवर्कला देतात. ते त्यातून आकड्यांची एक रांग काढतं, बहुधा १२८ किंवा ५१२ आकड्यांची. हिला टेम्प्लेट म्हणतात. तुलना दोन फोटोंची होत नाही, या दोन रांगांची होते. दोन्ही रांगा एकमेकींच्या किती जवळ आहेत याचा एक गुण निघतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर असला तर ‘तोच माणूस’. मर्यादा वर नेली की चोर कमी घुसतात आणि खरे मालक जास्त अडकतात. खाली आणली की उलट. दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. मधल्या पट्ट्यातले लोक माणसाकडे तपासायला जातात.

पण तुलना कशाशी? इथेच मावशी अडकली. खातं उघडताना तिने ओळखपत्र दिलेलं नव्हतं. मग यंत्राकडे तुलनेला उरतात ते खात्यावरचेच फोटो. तिच्या खात्यावर साडेतीनशे फोटो असतील, सगळे कापडाचे, टाक्यांचे, दोऱ्यांच्या रंगांचे. तिचा चेहरा असलेले दोन, त्यातल्या एकात ती मागच्या रांगेत उभी. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी जुळवायला दुसरी बाजूच नव्हती. पडद्यावर मात्र हे कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं आपलंच चुकलं, आपल्याला फोन धरता येत नाही. खिडकीकडे तोंड करून बसल्याने लाइव्हनेसचा प्रश्न सुटला होता, ओळखीचा सुटणारच नव्हता. ज्या खात्यावर मालकाचा चेहरा नाही तिथे चेहऱ्याचा व्हिडिओ मागण्यात अर्थ नाही, आणि हे यंत्रणेला व्हिडिओ मागण्याआधीच कळू शकतं.

आता वस्तू मोजू. मूळ व्हिडिओ आहे, ज्यात चेहऱ्याबरोबर मागची खोली आहे, कधी आवाज आहे, कधी शेजारून गेलेलं मूल आहे. त्यातून काढलेल्या फ्रेम आहेत. टेम्प्लेट आहे. निकाल आहे, जुळलं की नाही आणि किती गुण. आणि लॉग आहे, म्हणजे यंत्रणेने स्वतःच्या प्रत्येक पावलाची केलेली नोंद, ज्यात कधीकधी चित्राचा दुवाही असतो. ‘व्हिडिओ तीस दिवसांत काढला’ असं कंपनी म्हणते तेव्हा ती यातल्या पहिल्या वस्तूबद्दल खरं बोलत असते. बाकीच्यांबद्दल ती बोललेलीच नसते.

टेम्प्लेटकडे मी सर्वात जास्त लक्ष देते. पाचशे बारा आकडे म्हणजे प्रत्येकी चार बाइट धरले तर जेमतेम दोन किलोबाइट. व्हिडिओ साठवायला जागा लागते, पैसे लागतात, तो पुसण्यात कंपनीचाही फायदा असतो. टेम्प्लेट ठेवायला काहीच लागत नाही. आणि उपयोग? एका माणसाची त्याच माणसाशी तुलना करायला जो टेम्प्लेट घेतला, तोच लाखो टेम्प्लेटच्या ढिगात शोधायला वापरता येतो: याच चेहऱ्याने आणखी कुठे खातं उघडलंय का? फसवणूक पकडायला हे कामाचं आहे, मी नाकारत नाही. पण ‘हे खातं माझं आहे’ एवढं सांगायला आलेल्या बाईने त्या शोधाला होकार दिलेला नाही. काही कंपन्या म्हणतात, टेम्प्लेट म्हणजे नुसते आकडे, त्यातून चेहरा परत बनत नाही. संशोधकांनी तो बनवून दाखवला आहे. हुबेहूब फोटो निघत नसला तरी यंत्राला तोच माणूस वाटेल असं चित्र निघू शकतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

ओळखपत्राची गोष्ट जरा वेगळी. त्याचा फोटो अपलोड केला की यंत्र अक्षरं वाचतं, छपाईचा पोत, किनारी, फोटोभोवतीची छेडछाड बघतं. पासपोर्टच्या तळाशी जी दोन ओळींची मजकूरपट्टी असते तिच्यात तपासणी-अंक असतात: क्रमांकातल्या अक्षरांना ७, ३, १ अशा भारांनी ओळीने गुणायचं, बेरीज करायची, तिला दहाने भागून जी बाकी उरेल ती छापलेल्या अंकाशी जुळली पाहिजे. आळशी बनावटगिरी यात पकडली जाते. कसलेला ठग मात्र हे अंक बरोबर काढतो, कारण सूत्र उघडच आहे. म्हणजे इतकी नाजूक माहिती गोळा करूनही फोटोवरून होणारी तपासणी तशी कच्चीच. त्या एका फोटोत नाव, जन्मतारीख, कागदपत्राचा क्रमांक, कधी घरचा पत्ता, कधी सही, आणि चेहरा. एवढं सगळं एका चित्रात एकत्र सापडलं तर तिसरा माणूस त्याच चित्रावर दुसरीकडे तुमच्या नावाने खातं उघडायचा प्रयत्न करू शकतो. फुटलेल्या ओळखपत्रांना बाजारात मागणी असते ती यामुळे.

हे राजमार्गावरचं. आता आडवाटा.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की ग्राहकसेवेचं काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत झालेल्या घुसखोरीत सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या शासकीय ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असण्याची शक्यता आहे. हे फोटो तिथे कसे होते ते बघा. आपल्या वयाबद्दल ॲपने दिलेल्या निर्णयाविरुद्ध अपील केलेल्या लोकांनी ते पाठवले होते. तपासणीत ज्यांचं काम विनातक्रार झालं त्यांचे फोटो त्या ढिगात नव्हते. ज्यांच्याबाबत ‘नाही’ असा निकाल लागला आणि ज्यांना आपलं म्हणणं कागदाने सिद्ध करावं लागलं, तेच सापडले. मावशीने मेलला जोडून जे पाठवलं, ते याच जातीच्या कप्प्यात पडलं आहे.

हे अपघाताने होत नाही, रचनेमुळे होतं. तपासणीची यंत्रणा बांधताना अभियंते चित्र किती वेळ ठेवायचं ते ठरवतात; पुसणारा प्रोग्रॅम लिहितात, तो रोज रात्री चालतो. ग्राहकसेवेची प्रणाली मात्र वेगळ्याच हेतूने बनलेली असते. तिथे प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट असतं, तिकिटाला जोडलेली फाइल तिकिटाबरोबर राहते, आणि तिकीट जपून ठेवणं हाच तिचा गुण, कारण उद्या ग्राहक परत आला तर मागचं बोलणं सापडायला हवं. तिकीट शेकडो माणसांना उघडता येतं. ती बहुतेकदा बाहेरच्या कंपनीची, पाळ्यांमध्ये बदलणारी माणसं असतात. मेल असेल तर तीच फाइल मेलपेटीत एकदा, तिकिटात एकदा, बॅकअपमध्ये एकदा. पुसणाऱ्या प्रोग्रॅमला यातली एकही जागा ठाऊक नसते. मी स्वतः एका कामात हे पाहिलं आहे: पुसण्याची चाचणी आम्ही तीन वेळा यशस्वी ठरवली होती, आणि मग एका सहकाऱ्याने सहज तिकिटांमध्ये शोधून बघितलं. माझ्या चाचणी-खात्याचं ओळखपत्र तिथे अजून होतं, लहान चित्रासकट. कोणीही काही लपवलं नव्हतं. तो कप्पा आमच्या यादीतच नव्हता.

दुसरी आडवाट म्हणजे जुनी साठवण. ‘टी’ नावाचं एक ॲप होतं. डेटिंगमधल्या पुरुषांबद्दल बायकांनी एकमेकींना सावध करावं हा त्याचा हेतू, म्हणून आत येणारी व्यक्ती स्त्रीच आहे हे सेल्फीवरून बघत. तपासणीनंतर सेल्फी काढून टाकू, असं त्यांनी सांगितलं होतं. २०२५च्या जुलैमध्ये त्यांच्या एका जुन्या साठ्यातून सुमारे ७२,००० चित्रं बाहेर गेली, आणि त्यातली सुमारे १३,००० सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. ज्या बायका सुरक्षेसाठी आत आल्या त्यांचेच चेहरे नको त्या ठिकाणी पसरले. नवी यंत्रणा आली तरी जुना साठा तसाच राहिला होता. अशा वेळी ‘आम्ही आता पुसतो’ हे वाक्य खरं असूनही कुचकामी ठरतं.

तिसरी वाट लॉगची. ओळख तपासून देणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या, एयू१०टिक्सच्या, कर्मचाऱ्याचा लॉगिन तपशील वर्षभराहून जास्त काळ इंटरनेटवर उघडा होता, असं २०२४च्या जूनमध्ये पुढे आलं. त्या लॉगिनने मिळत होती ती लॉगची प्रणाली, आणि लॉगमध्ये होते ओळखपत्रांच्या चित्रांचे दुवे. चित्रांचा गैरवापर झाल्याचा पुरावा नाही, असं कंपनीने सांगितलं. मला इथे मुद्दा एवढाच दिसतो की चित्रांच्या तिजोरीला पहारा होता, पण तिजोरीत काय कुठे आहे हे लिहिलेल्या वहीला नव्हता.

या तिन्हींत आणखी एक वाट मिळवावी लागेल, ती शिकवण्याची. बनावट ओळखपत्र ओळखायला यंत्राला उदाहरणं लागतात, म्हणून काही ठिकाणी तुमचं ओळखपत्र ‘तपासणी सुधारण्यासाठी’ जास्त काळ ठेवतात. तसा पर्याय कुठेतरी सेटिंगमध्ये असतो, आणि तो आधीच सुरू असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये एव्हर नावाच्या फोटो ॲपविरुद्धच्या प्रकरणात कंपनीला फोटो पुसायला लावले, आणि त्या फोटोंवर शिकवून बनवलेली चेहरा ओळखण्याची मॉडेलंही नष्ट करायला लावली. त्या कंपनीनेही खातं बंद केलेल्यांचे फोटो पुसतो म्हणून सांगितलं होतं आणि ठेवले होते. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. चित्रातून जे काढलं तेही चित्राचाच हिशेब आहे, असं एका नियामकाने मान्य केलं.

आता यावर जी हरकत येते ती हलकी नाही, म्हणून तिला पुरती जागा देते. फसवणूक थांबवणाऱ्या विभागातले लोक म्हणतात, सगळं लगेच पुसलं तर उद्या वाद झाला की आमच्याकडे काय उरेल? समजा खातं चुकीच्या माणसाला परत दिलं गेलं. खरा मालक दोन महिन्यांनी येतो. त्या दिवशी कोणी काय दाखवलं होतं हे बघायला पुरावा नको का? शिवाय तोच ठग वेगवेगळ्या नावांनी दहा वेळा येतो, त्याचा चेहरा लक्षात ठेवला नाही तर तो दहा वेळा आत येईल. आणि बँकांसारख्या ठिकाणी तर ग्राहकाची ओळखकागदं संबंध संपल्यावरही किमान पाच वर्षं ठेवावी लागतात. पैशाच्या अफरातफरीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीच तशा आहेत.

बँकेचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे कायद्याने ठेवायचं आहे, का ते सांगितलेलं आहे, आणि मुदत ठरलेली आहे. भरतकामाचे फोटो टाकायच्या जागेला ते लागू होत नाही, पण बँकेची सवय तिथे उचलली गेली आहे. वादाच्या पुराव्याचा मुद्दा अर्धा मान्य आहे. पुरावा लागतो, पण पुरावा म्हणजे पूर्ण ओळखपत्र नव्हे. तपासणाऱ्याने काय पाहिलं, कोणत्या प्रकारचं कागदपत्र होतं, नाव जुळलं का, कधी तपासलं, निर्णय कोणी दिला, एवढी नोंद ठेवली तर वाद सोडवता येतो. वादाची मुदत नव्वद दिवस असेल तर चित्र नव्वद दिवस ठेवा, पण कुलूपबंद, दोन माणसांच्या परवानगीशिवाय न उघडणारं, आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी गेलेलं. आणि परत परत येणाऱ्या ठगासाठी ज्यांची फसवणूक सिद्ध झाली त्यांचे टेम्प्लेट ठेवता येतात. सगळ्या प्रामाणिक लोकांचे ठेवायची त्यासाठी गरज नाही.

मला सर्वात जास्त खुपतं ते हे की आडवाटेला कोण ढकललं जातं. ज्याचा फोन नवा, कॅमेरा चांगला, खात्यावर स्वतःचे भरपूर फोटो, तो राजमार्गाने दहा मिनिटांत पार होतो आणि त्याचा व्हिडिओ तीस दिवसांत जातो. जुना फोन, कमी उजेड, दहा वर्षांपूर्वीचा ओळखपत्रावरचा फोटो, आजारपणाने बदललेला चेहरा, अशांना यंत्र अडवतं. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम तपासले तेव्हा चुकांचं प्रमाण वय, लिंग आणि वंशानुसार बदलतं असं दिसलं. किती बदलतं ते अल्गोरिदमवर अवलंबून होतं. म्हणजे चूक यंत्राची, आणि तिची भरपाई म्हणून जास्त नाजूक कागद, कमी सुरक्षित जागी, जास्त काळ ठेवायला देणार तो माणूस. हे उलटं हवं. यंत्राने ज्याला अडवलं त्याच्या कागदांना सर्वात कडक संरक्षण मिळायला हवं.

कायद्यांत धागे आहेत, पण तुटक. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा २००८चा कायदा सांगतो की चेहऱ्याच्या मोजमापांसारखी जैविक माहिती तिचा हेतू पूर्ण होताच, किंवा माणसाच्या शेवटच्या संपर्कानंतर तीन वर्षांत, यातलं जे आधी येईल तेव्हा नष्ट करा. चांगला नियम आहे. पण तो मोजमापांना लागू होतो. साधा फोटो त्या व्याख्येत येत नाही. युरोपचा कायदाही नुसत्या फोटोला आपोआप जैविक माहिती मानत नाही, ओळखीसाठी तांत्रिक प्रक्रिया केली तरच मानतो. यातून एक विचित्र परिणाम निघतो. यंत्राने तपासलेल्या चेहऱ्याला विशेष संरक्षण मिळतं, आणि माणसाने डोळ्यांनी तपासलेल्या, तिकिटाला जोडलेल्या ओळखपत्राला साध्या माहितीचं. ज्याच्या हाती ते पडेल त्याला या फरकाशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून माझी मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. ओळख तपासण्यासाठी घेतलेलं चित्र कुठल्याही वाटेने आलं तरी त्याची पुसण्याची तारीख ते घेतलं त्या क्षणी ठरली पाहिजे, आणि ती तारीख चित्रासोबत प्रत्येक कप्प्यात गेली पाहिजे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. चित्र एकाच जागी ठेवायचं, प्रत्येक चित्राला स्वतःची किल्ली लावून कुलूपबंद करायचं, आणि तिकिटात, लॉगमध्ये, मेलमध्ये फक्त संदर्भ-क्रमांक द्यायचा. मुदत संपली की ती किल्ली नष्ट करायची. मग बॅकअपमध्ये चित्राची प्रत राहिली तरी ती वाचता येत नाही. एवढं केलं असतं तर मावशीला मेलला फोटो जोडायला सांगावंच लागलं नसतं. अपीलाच्या दुव्यावर तिने ते थेट त्या जागी टाकले असते. ओळखपत्र मेलने मागणं हीच मुळात बंद व्हावी अशी सवय आहे.

आणि जिथे जमेल तिथे चित्रच नको. नव्या पासपोर्टमध्ये चिप असते. तिच्यातली माहिती देणाऱ्या सरकारने डिजिटल सहीने बंद केलेली असते. फोन टेकवून ती वाचता येते, आणि ती सही कागदाच्या फोटोपेक्षा कितीतरी पक्की. फोनमधल्या वाहन परवान्याचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १८०१३-५, त्यात तर ‘वय अठराच्या वर आहे का’ एवढ्याच प्रश्नाचं होय किंवा नाही असं सहीचं उत्तर देण्याची सोय आहे. जन्मतारीखही द्यावी लागत नाही, पत्ता तर दूरच. अर्थात ज्यांच्याकडे असा फोन किंवा असं कागदपत्र नाही त्यांच्यासाठी फोटोची वाट ठेवावी लागेल, आणि परत तेच, ती वाट दुय्यम म्हणून ढिली राहता कामा नये.

तोवर आपल्या हातात थोडंच आहे, पण आहे. व्हिडिओ देण्याआधी खात्यावर आपला चेहरा आहे का ते बघावं. नसेल तर व्हिडिओने काम होण्याची आशा कमी, आणि मग पहिल्यापासूनच दुसरा मार्ग मागावा. मागे कोरी भिंत, समोरून उजेड. ओळखपत्र मागितलं तर अपलोडचा दुवा मागावा. मेलनेच द्यावं लागलं तर जे मागितलेलं नाही ते झाकावं आणि चित्रावर आडवं लिहावं: फक्त अमुक खात्याच्या तपासणीसाठी, तारीख. यंत्र असं चित्र नाकारू शकतं, पण मेल उघडणारा माणूस असतो आणि तो बहुधा स्वीकारतो. काम झाल्यावर त्याच तिकिटावर, त्याच क्रमांकाने, जोडलेल्या फाइल काढायची विनंती करावी. नवीन पत्र लिहिलं तर ते दुसऱ्याच विभागाकडे जातं आणि तो विभाग खरंच सांगतो की आमच्याकडे काही नाही.

मावशीचं दुसरं पत्र आम्ही तसंच लिहिलं. जुन्या मेलच्या साखळीला उत्तर म्हणून, पाच गोष्टी वेगवेगळ्या विचारून: मूळ व्हिडिओ, त्यातल्या फ्रेम, टेम्प्लेट, लॉग, आणि तिकिटाला जोडलेले दोन फोटो. प्रत्येकाबद्दल ठेवलाय की काढलाय, आणि ठेवला असेल तर कधीपर्यंत. एकवीस दिवसांनी उत्तर आलं. फोटो तिकिटातून काढले होते, तारीख दिली होती. व्हिडिओ आणि फ्रेम गेल्याचं परत सांगितलं होतं. लॉगबद्दल ‘मर्यादित तांत्रिक नोंदी’ ठेवल्याचं लिहिलं होतं. टेम्प्लेटच्या ओळीसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने तेवढी एक ओळ कापून परत पाठवली आहे, आणि उत्तराची वाट बघते आहे.